कट अपडेट: ४७५ कॅलरी गेल्या कुठे?

आधी आकडे, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे. वय ४१, उंची १७२ सेंमी. एप्रिलमध्ये ८८ किलोवर कट सुरू केला, म्हणजे चरबी उतरवण्यासाठी ठरवून कमी खाणं. ऑगस्टच्या मध्याला ७९.५. ही सगळी वजनं रोज सकाळी केलेल्या वजनांची आठवड्याची सरासरी आहेत. एका दिवसाचा आकडा मी बघतो आणि विसरतो. प्रोटीन सुरुवातीपासून १३० ग्रॅमच्या आसपास, आठवड्यातून तीनदा वेट्स.

सुरुवातीला २२५० कॅलरी खात होतो आणि आठवड्याला अर्धा किलो जात होता. पहिले दोन आठवडे यात धरलेले नाहीत, कारण तेव्हा चरबीपेक्षा ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, आणि त्यासोबतचं पाणीच जास्त उतरतं. जुलैत वेग मंदावला म्हणून २०५० वर आलो. तरी ऑगस्टमध्ये आठवड्याला जेमतेम पाव किलो.

एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. अर्धा किलो आठवड्याला म्हणजे रोजची ५५० ची तूट, म्हणून एप्रिलमधला माझा रोजचा खर्च २२५० अधिक ५५०, म्हणजे २८००. पाव किलो म्हणजे २७५ ची तूट, म्हणून ऑगस्टमधला खर्च २३२५. चार-साडेचार महिन्यांत शरीराने रोजचा ४७५ कॅलरींचा खर्च कापला. जिममध्ये याला 'मेटाबॉलिझम बंद पडला' म्हणतात. तो बंद पडत नाही. पण ४७५ हा आकडाही लहान नाही, म्हणून एका रविवारी वही घेऊन त्याची फोड करायला बसलो.

पहिली शंका नोंदींवर घ्यायची असते. घरच्या जेवणात सगळ्यात चकवणारी गोष्ट तेल. चमच्याने मोजत बसण्यापेक्षा सोपं म्हणजे सोमवारी सकाळी तेलाच्या बरणीचं वजन करायचं, पुढच्या सोमवारी पुन्हा करायचं, आणि फरक घरातल्या माणसांत आणि दिवसांत वाटायचा. माझ्या वाट्याला नोंदीपेक्षा रोज साधारण सात ग्रॅम जास्त आले, म्हणजे साठेक कॅलरी. पण एक बारीक मुद्दा आहे. ही साठ कॅलरींची चूक एप्रिलमध्येही तेवढीच असेल, तर दोन्ही महिन्यांच्या खर्चात ती सारखीच मिळवली जाते आणि ४७५ चा फरक जिथल्या तिथे राहतो. घोटाळा होतो तो चूक हळूहळू वाढत गेली तर. आमच्याकडे फोडणी तीच, स्वयंपाकाचा हात तोच, म्हणून नोंदींचा वाटा मी छोटाच धरतो.

दुसरी शंका पाण्यावर. तूट लांबली, झोप बिघडली, मीठ वाढलं की शरीर पाणी धरून ठेवतं आणि चरबी जात असूनही काटा हलत नाही. १९४४–४५ मध्ये अमेरिकेत अ‍ॅन्सल कीज यांनी मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून जो प्रयोग केला, त्यातही हे दिसलं होतं: शेवटी शेवटी त्यांच्या पायांवर सूज होती आणि त्या पाण्यामागे खरी घट लपत होती. म्हणून एक-दोन आठवडे वजन थांबलं की लगेच काही बदलू नये. मी तीन-चार आठवड्यांचा कल बघतो आणि सोबत कमरेचा टेप. कट करणाऱ्या बायकांनी तर या महिन्यातला आठवडा मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी ताडावा, नाहीतर पाळीच्या चक्रातलं पाणी सगळा हिशोब उलटापालटा करतं. माझी कंबरही काट्याइतकीच हळू उतरत होती. म्हणजे खर्च खरोखर कमी झाला होता.

आता फोड. मिफ्लिन–सेंट जिओर यांचं पुरुषांसाठीचं सूत्र असं: १० × वजन + ६.२५ × उंची − ५ × वय + ५. ८८ किलोला ते १७५५ देतं, ७९.५ ला १६७०. ८५ कॅलरी इथेच गेल्या, कारण पोसायला शरीरच कमी उरलं. कमी खाल्लं की पचवायलाही कमी लागतं. दोनशे कॅलरी कमी खाण्याचे ते साधारण २०. हलकं शरीर हलवायला कमी श्रम पडतात. हालचालीवरच्या खर्चातले दहाएक टक्के, म्हणजे सुमारे ८०. या तीन गोष्टी अटळ आहेत. एवढं वजन उतरलेल्या कोणालाही त्या लागू होतात, त्यांना अ‍ॅडॅप्टेशन, म्हणजे शरीराने आपणहून केलेली जादा काटकसर, म्हणणंही बरोबर नाही.

चौथी गोष्ट मात्र माझ्या लक्षातच आली नव्हती, कारण ती कोणी ठरवून करत नाही. एप्रिलमध्ये पावलं रोज सरासरी ९५०० होती, ऑगस्टमध्ये ६८००. पावसाचा त्यात हात आहे, पण पूर्ण नाही. जिना सोडून लिफ्ट, फोनवर बोलताना फेऱ्या मारण्याऐवजी खुर्ची. बायकोने जुलैतच म्हटलं होतं, "तू हल्ली एका जागी बसलास की बसलास." २७०० पावलं म्हणजे साधारण दोन किलोमीटर, माझ्या वजनाला ८० ते १०० कॅलरी.

एकूण झाले २७५. उरले २००.

या दोनशेत बोटं वाजवणं, पाय हलवणं, ताठ बसणं अशी पावलं मोजणाऱ्या घड्याळाला न दिसणारी हालचाल आहे, थोडी नोंदींची घसरण असेल, आणि बाकीचं खरं अ‍ॅडॅप्टेशन. चरबी कमी झाली की चरबीतूनच सुटणारं लेप्टिन हे हार्मोन उतरतं, त्यापाठोपाठ थायरॉइडचं टी-३ हार्मोन आणि शरीराला सज्ज ठेवणाऱ्या सिम्पथेटिक मज्जासंस्थेचा जोर उतरतो. रॉकफेलर विद्यापीठात लायबेल, रोझेनबॉम आणि हिर्श यांनी १९९५ मध्ये दाखवलं की १० टक्के वजन कमी करून ते तिथे टिकवलं, तर खर्च शरीराच्या आकारमानाने अपेक्षित असतो त्याहूनही खाली जातो, आणि ही घट झोपून असतानाच्या खर्चापेक्षा हालचालीच्या खर्चात जास्त दिसते. नंतरच्या कामात कळलं की हलक्या श्रमात स्नायूच जास्त काटकसरीने चालायला लागतात. म्हणजे तेवढंच चाललं तरी पूर्वीइतकी कॅलरी जळत नाही. घड्याळातल्या 'बर्न' आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही त्याचं हे एक कारण.

अंगावर काय जाणवत होतं? सकाळची नाडी ६६ वरून ५७ वर आली होती; यातली सगळी फिटनेसची कमाई नव्हे. एसीत हातपाय गार. पहाटे चारला जाग. स्क्वॉटचं वजन टिकलं होतं, पण शेवटच्या सेटमधले रेप्स गळत होते. यातलं एकेकटं काही सिद्ध करत नाही. सगळं एकदम आलं की तूट लांबली असं मी समजतो. चक्कर, केस गळणं, पाळी चुकणं इथवर गोष्ट गेली, किंवा मधुमेहाच्या नाहीतर थायरॉइडच्या गोळ्या चालू असल्या, तर हा वहीतला हिशोब नाही, डॉक्टरांचा आहे.

आता करायचं काय? सरळ मार्ग म्हणजे अजून दोनशे कापून १८५० वर जाणं. मी तो घेतला नाही. त्यात भात-भाकरी आणखी घटते, हालचाल आणखी मंदावते आणि कापलेल्यातला काही भाग पुन्हा त्याच खड्ड्यात जातो. त्याऐवजी पावलांना ९५०० चा तळ घातला: संध्याकाळी आकडा कमी दिसला की जेवणानंतर एक फेरी मारायची. आणि गणपतीच्या दिवसांत दोन आठवडे मेन्टेनन्स, म्हणजे वजन आहे तिथेच राहील एवढं खाणं. या मेन्टेनन्सची बरेच जण गल्लत करतात. मेन्टेनन्स जुन्या २८०० वर नसतो, आजच्या खर्चावर असतो. २३२५ आणि वाढलेल्या पावलांचे मिळून मी २४०० धरले. वाढवलेल्या साडेतीनशे कॅलरी जवळजवळ सगळ्या भात, पोळी, फळं यांतून. उकडीचे मोदकही त्याच हिशोबात बसवले, वेगळा कोटा नाही.

पहिल्या आठवड्यात वजन ८०.४ झालं. हे आधीच ठाऊक असावं, नाहीतर माणूस घाबरून तिसऱ्या दिवशी परत कापायला लागतो. एक ग्रॅम ग्लायकोजेन तीनेक ग्रॅम पाणी सोबत घेऊन येतं, शिवाय पोटात अन्न जास्त. साडेतीनशे कॅलरींनी आठवड्यात ९०० ग्रॅम चरबी चढणं गणितातच बसत नाही. दुसऱ्या आठवड्यात काटा तिथेच थांबला, म्हणजे २४०० चा अंदाज बरोबर निघाला. झोप वाढून सहा तासांवर आली आणि गेलेले रेप्स परत आले.

मग पुन्हा २०५०. पहिल्या आठवड्यात चढलेलं पाणी उतरलं, त्यानंतर आठवड्याला ३०० ग्रॅमच्या किंचित वर. ही घट रोजच्या साडेतीनशेच्या तुटीशी जुळते, आणि त्या साडेतीनशेतला वाढलेला भाग चालण्याचा आहे. म्हणजे ब्रेकने माझा मेटाबॉलिझम वर आणला असं माझे आकडे म्हणत नाहीत. अभ्यासांतही चित्र मिश्र आहे. २०१७ च्या मॅटाडोर अभ्यासात स्थूल पुरुषांनी दोन आठवडे डाएट, दोन आठवडे मेन्टेनन्स असं आलटून पालटून केलं आणि सलग करणाऱ्यांपेक्षा जास्त वजन घटवलं. पुढे वेट्स करणाऱ्यांवरच्या आइसकॅप चाचणीत चरबीच्या घटीत फरक दिसला नाही, भूक मात्र कमी राहिली. मला ब्रेकने दिलं ते हेच: पुढचे आठवडे रेटायची ताकद. आणि वजन काही आठवडे स्थिर ठेवलं की अ‍ॅडॅप्टेशनचा काही भाग ओसरतो असंही मोजलं गेलं आहे. म्हणून कटच्या शेवटचा मेन्टेनन्स मी लांब ठेवणार आहे.

वजन घटवण्याच्या स्पर्धेच्या 'बिगेस्ट लूझर' या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमाचे दाखले देऊन घाबरवणाऱ्यांना एवढंच: २०१६ च्या त्या अभ्यासात सहा वर्षांनंतरही स्पर्धकांचा विश्रांतीचा खर्च अपेक्षेपेक्षा सुमारे ५०० कॅलरींनी कमी होता, हे खरं. पण ती दिवसाला तासन् तास व्यायाम आणि अतिशय कमी खाणं अशी वेगळीच कसरत होती. आठवड्याला अर्धा किलो घटवणाऱ्याने तो आकडा स्वतःला लावू नये.

पुढचा बेत: आताचं वजन ७८.९. दिवाळीपर्यंत २०५० वरच. कल तीन आठवडे आठवड्याला २०० ग्रॅमच्या खाली राहिला तर पावलं ११,००० करणार; खाणं १९५० च्या खाली नेणार नाही. ७७.५ ला कट बंद, मग किमान दोन महिने त्या वेळच्या खर्चावर. तेलाच्या बरणीचं वजन दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी चालूच आहे.