महागाच्या कोअरवर रिले का नाही

"सीटीत ०.५ क्लासचा चांगला कोअर असतोच. मग रिलेसाठी पाच टक्के चुकणारा ५पी२० वेगळा कशाला घ्यायचा? दोन्ही एकाच कोअरवर चालवले तर काय बिघडतं?"

सीटी म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, मोठा करंट मीटरला आणि रिलेला झेपेल इतका लहान करून देणारा. तुम्ही विचारलंत म्हणून, आणि खरेदी विभागापासून पॅनेलवाल्यांपर्यंत सगळेच विचारतात म्हणून, एकदा सविस्तर लिहून टाकतो. पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवीन.

०.५ आणि ५ हे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्याचे नाहीत. ०.५ ची हमी रेटेड करंटच्या १२० टक्क्यांपर्यंत असते आणि तिथे ती संपते. शिवाय त्याच प्लेटवर 'एफएस ५' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ असा की, रेटेड बर्डन, म्हणजे सेकंडरीवरचा ठरलेला भार, जोडलेलं असताना करंट पाचपट व्हायच्या आतच या कोअरने सॅच्युरेट व्हायला हवं, म्हणजे वाढलेला करंट पुढे देणं सोडायला हवं. तो दोष नाही. फॉल्टचा करंट मीटरपर्यंत पोचू नये म्हणून कोअर मुद्दाम तसा बनवतात. ५पी२० चं नेमकं उलटं. रेटेड बर्डनवर वीसपट करंट आला तरी त्याची कंपोझिट एरर पाच टक्क्यांच्या आत राहिली पाहिजे. नेहमीच्या करंटला तो एखादा टक्का चुकला तर रिलेला त्याचं काही नाही. रिलेला वीजबिल काढायचं नसतं.

हे एवढं सांगून भागतं असं मला पूर्वी वाटायचं. भागत नाही. समोरचा मान हलवतो आणि पुढच्या टेंडरला पुन्हा तोच प्रश्न येतो. म्हणून एका कारखान्यातला प्रसंग सांगतो. कारखान्याचं नाव नको.

पुरवठा ३३ केव्ही, आत ५ एमव्हीएचा ३३/११ ट्रान्सफॉर्मर, इंपिडन्स ७.१५ टक्के. ११ केव्हीच्या बसवर फॉल्ट झाला तर साधारण ३,५०० अँपिअर वाहणार. त्या बसवरून निघालेला एक फीडर १ एमव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरला जायचा. फीडरची सीटी १००/५, दोन कोअरची. एक ०.५ क्लास एफएस ५, दुसरा ५पी२०, दोन्ही १५ व्हीए. रिले पंचवीसेक मीटरवर, कंट्रोल रूममध्ये. इन्स्टंटेनियसचं, म्हणजे वाट न पाहता उडण्याचं, सेटिंग १,४०० अँपिअर, म्हणजे सेकंडरीला ७०. आकडा नीट काढलेला होता. ट्रान्सफॉर्मरच्या एलटी बाजूला शॉर्ट झाला तर ११ केव्हीला सुमारे १,०५० अँपिअर दिसतात, त्याला रिलेने उडू नये; पण ११ केव्हीवरच शॉर्ट झाला तर क्षणात उडावं.

एका रात्री त्या फीडरच्या केबल बॉक्समध्ये टर्मिनेशन फुटलं आणि तिन्ही फेज एकत्र आले. फॉल्ट सीबीसीटीच्या, म्हणजे जमिनीत जाणारा करंट ओळखायला तिन्ही फेजभोवती बसवलेल्या सीटीच्या, वरच्या अंगाला होता, त्यामुळे अर्थ फॉल्टवाल्या रिलेला तो दिसण्याचा प्रश्नच नव्हता. फीडरचा ब्रेकर जागेवरून हलला नाही. इनकमर साधारण ०.४ सेकंदाने उडाला आणि अख्खा कारखाना अंधारात गेला. पाच-सहा सायकलमध्ये विझायला हवा होता तो आर्क वीस सायकल जळत राहिला. केबल बॉक्सचं झाकण फाटून बाहेर आलं. आत तांबं वितळून गोळे झाले होते. माणूस जवळपास नव्हता, हे नशीब.

सकाळी मला बोलावलं तेव्हा सगळ्यांचं एकच म्हणणं होतं: रिले खराब आहे, बदला. मी रिले काढू दिला नाही. आधी दोन्ही रिलेंमधले फॉल्ट रेकॉर्ड उतरवून घेतले. एकच फॉल्ट, एकच क्षण. इनकमरचा रिले सांगत होता ३,५०० च्या आसपास आणि फीडरचा सांगत होता हजाराच्या जरा वर. इनकमरचा वेव्हफॉर्म स्वच्छ साइन होता. फीडरचा बघताच कळलं: प्रत्येक अर्ध्या सायकलमध्ये करंट शून्यातून सरळ वर चढतो, शिखराला पोचायच्या आधीच धाडकन पडतो आणि उरलेला सगळा वेळ रेषा शून्यावर सपाट. सॅच्युरेट झालेली सीटी अशीच दिसते. रिले त्यातून ५० हर्ट्झचा भाग काढतो. तो जेमतेम ५३ अँपिअर भरला. सेटिंग ७० चं. रिले त्याच्या परीने बरोबरच होता. मागची आयडीएमटी, म्हणजे करंटप्रमाणे वेळ घेऊन उडवणारी यंत्रणा, चालू झाली होती, पण तिला अर्धा सेकंद लागणार होता. त्याआधी इनकमर गेला.

पण ५पी२० कोअर पस्तीसपट करंटला इतका का मोडावा? हिशोब करून पाहा. रेटेड बर्डन १५ व्हीए म्हणजे ५ अँपिअरला ०.६ ओहम, त्यात कोअरच्या वाइंडिंगचा ०.१. वीसपट करंट म्हणजे १०० अँपिअर गुणिले ०.७, झाले ७० व्होल्ट. एवढे व्होल्ट कोअर देऊ शकतो. प्रत्यक्षात समोर किती रेझिस्टन्स होता? तिन्ही फेजचा शॉर्ट, म्हणून न्यूट्रलच्या तारेतून काही जात नाही, एकेरी लांबीच धरायची. २.५ चौरस मिलिमीटरची पंचवीस मीटर तार आणि रिले मिळून ०.२, वाइंडिंगचा ०.१. एकूण ०.३ ओहम. फॉल्टचे १७५ अँपिअर त्यातून ढकलायला साडेबावन्न व्होल्ट पुरतात. ७० देणारा कोअर ५२ ला मोडत नाही.

मग रिलेच्या तारा मोकळ्या केल्या, अर्थिंगची लिंक काढली आणि सेकंडरीवर व्हेरिअ‍ॅकने व्होल्टेज चढवत मॅग्नेटायझिंग करंट मोजला. व्होल्टेज दहा टक्के वाढवल्यावर करंट पन्नास टक्के वाढतो तो नी पॉइंट. रिलेच्या तारांवर तो १३ व्होल्टला आला. मीटरच्या तारांवर ५८ व्होल्टला. सीटी चेंबरमध्ये तारांच्या नंबरांचे फेरूल उलटे पडले होते. रिले मीटरिंग कोअरवर बसला होता आणि मीटर प्रोटेक्शन कोअरवर. १३ व्होल्टला ०.३ ओहमने भागा: ४३ अँपिअरच्या पुढे तो कोअर पूर्ण साइन देऊच शकत नव्हता, मोडक्या वेव्हमधून रिलेला कसेबसे ५३ मिळाले, आणि सेटिंग होतं ७०. हे सेटिंग त्या कोअरवर कधीच गाठलं गेलं नसतं. मीटर मात्र त्या रात्री कायमचा बंद पडला, कारण त्याला १७५ अँपिअर इमानेइतबारे पोचले.

कमिशनिंगचा रिपोर्ट काढून पाहिला. प्रायमरी इंजेक्शन १०० अँपिअर, मीटरला ५, रिलेला ५, शेरा 'ओके'. तो खोटा नव्हता. रेटेड करंटला दोन्ही कोअर सारखेच दिसतात. फरक पडतो तो पाचपट, दहापट, पस्तीसपट करंटला, आणि एवढा करंट साइटवर कोणी सोडत नाही. म्हणून रिलेच्या टोकाला येणाऱ्या तारांवर नी पॉइंट काढा, असं मी कानीकपाळी ओरडत असतो. फॅक्टरीचा टेस्ट रिपोर्ट कोअरबद्दल सांगतो, तो कोअर कोणत्या तारेला जोडलाय हे सांगत नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही वायरिंगची चूक होती, कोअरचा काय संबंध? मान्य, चूक वायरिंगचीच. पण तुम्ही सुचवताय ती व्यवस्था म्हणजे हेच वायरिंग मुद्दाम करणं आहे.

बर्डनबद्दलही बोललं पाहिजे, कारण तिथे लोक उलट्या बाजूने चुकतात. "पंधरा नको, तीस व्हीए द्या, जास्त असलेलं बरं." प्रोटेक्शनला ते चालून जातं. मीटरिंगला नाही. ०.५ ची हमी रेटेड बर्डनच्या २५ ते १०० टक्क्यांतच असते. आजचा इलेक्ट्रॉनिक मीटर आणि थोडी तार मिळून दोन-तीन व्हीएसुद्धा होत नाहीत. तीस व्हीएच्या कोअरवर ते साडेसातच्या खाली गेले, म्हणजे क्लास कागदावरच राहिला. वर एफएसही बिघडतो. बर्डन कमी, की तोच कोअर पाचपटऐवजी त्याच्या कितीतरी पुढच्या करंटपर्यंत टिकतो आणि मीटरचं संरक्षण जातं. पाच व्हीए मागा, पण तारेचा हिशोब करून. यार्डात सीटी साठ मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन १२० मीटर २.५ ची तार ०.८९ ओहम होते. ५ अँपिअर सेकंडरीला नुसत्या तारेचेच २२ व्हीए झाले. १ अँपिअरच्या सेकंडरीला तीच तार एक व्हीएसुद्धा खात नाही. एवढ्या अंतराला मी ५ अँपिअर लिहूच देत नाही.

नी पॉइंटबाबत मात्र मी पूर्वी जे ठासून सांगायचो ते आज तितकं ठासून सांगत नाही. माझा हट्ट असायचा की फॉल्टच्या पूर्ण करंटला, डीसी ऑफसेट म्हणजे सुरुवातीला वेव्ह एका बाजूला सरकते तेही धरून, कोअर सॅच्युरेट होता कामा नये. कागदावर ते बिनतोड आहे. मग अशाच एका बसवर १३ अँपिअर लोडच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरसाठी २०/५ ची सीटी मागितली गेली. फॉल्ट १७५ पट. एवढ्यासाठी कोअर काढायला गेलं तर तो पॅनेलच्या चेंबरमध्ये मावत नाही आणि शॉर्ट टाइम करंट सोसणारी प्रायमरीही जमत नाही. तिथे प्रोटेक्शन कोअर १००/५ करायचा, मीटरिंग २०/५ च ठेवायचं आणि न्युमेरिकल रिलेचं पिकअप खाली आणायचं. मी हे करतो. पण मग १३ अँपिअरच्या लोडला रिले नेहमी रेटेडच्या १३ टक्क्यांवर मोजत राहतो आणि ओव्हरलोडचं सेटिंग ढोबळ होतं. माझे एक वरिष्ठ म्हणतात, इन्स्टंटेनियसच्या सेटिंगच्या दुप्पट करंटपर्यंत कोअर शाबूत राहिला की पुरे, त्यापुढे तो सॅच्युरेट झाला तरी रिले आधीच उडालेला असतो. त्यांचा तर्क मला पटतो. पण पहिल्या दोन-तीन सायकलमध्ये डीसी ऑफसेटने कोअर मोडतो तेव्हा उडायला किती उशीर होईल, ते रिलेच्या फिल्टरवर ठरतं आणि प्रत्येक कंपनीचा फिल्टर वेगळा. म्हणून ती दुप्पट मी अजून कोणत्याही स्पेसिफिकेशनमध्ये आकडा म्हणून घातलेली नाही. रिले कोणता येणार ते आधी विचारतो आणि त्याच्या मॅन्युअलमधली सीटीची अट लावून नी पॉइंट पुन्हा काढतो.