सायरन वाजण्याआधीच मोकळी होणारी वाट

जर्मनीच्या महामार्गांवर, म्हणजे आउटोबानवर, वाहतूक तुंबायला लागली की गाड्या दोन्ही कडांना सरकतात आणि मधून एक वाट मोकळी होते. तोवर अ‍ॅम्ब्युलन्सचा पत्ताही नसतो. या वाटेला इथे ‘रेटुंग्सगासे’ म्हणतात. एका दिशेला किमान दोन लेन असतील, तर वेग माणसाच्या चालण्याइतका उतरताच ती तयार हवी, असा कायदा आहे.

सायरनची वाट न पाहण्याचं कारण साधं आहे. पुढच्या गाडीला खेटून उभं राहिलं की स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी बाजूला जात नाही. तिला तिरकं होऊन पुन्हा सरळ व्हायला पुढे जागा लागते. म्हणून वेग उतरत असतानाच कडेला सरकायचं आणि पुढे एका गाडीइतकं अंतर ठेवायचं.

इथे वाहतूक उजवीकडून चालते, त्यामुळे वेगाची लेन सर्वांत डावीकडे असते. त्या लेनने डावीकडे जायचं, बाकी सगळ्यांनी उजवीकडे. लेन तीन असोत वा चार, वाट डावीकडून पहिल्या आणि दुसऱ्या लेनच्या मध्येच. उजव्या हाताचा पंजा पालथा धरा: अंगठा म्हणजे डावी लेन, चार बोटं म्हणजे बाकीच्या.

आता मापं बघा. साडेतीन-पावणेचार मीटरच्या दोन लेन म्हणजे फार तर साडेसात मीटर. आरशांसकट कारला दोन आणि ट्रकला जवळजवळ तीन मीटर लागतात. उरले अडीच, आणि अग्निशमन दलाच्या गाडीची नुसती बॉडीच तेवढी रुंद असते. म्हणून कडेच्या रेषेपर्यंत जायचं आणि गाडी रस्त्याला समांतर उभी करायची. नुसतं नाक वळवलं तर मागचा भाग वाटेत राहतो, आणि तेवढ्यानेच बंब अडतो. कडेच्या आपत्कालीन पट्टीवर भिस्त ठेवत नाहीत, कारण ती सगळीकडे नसते आणि तिथे बिघडलेली गाडी उभी असू शकते.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे पहिली अ‍ॅम्ब्युलन्स गेली की वाट बुजवणं. मागून डॉक्टरांची गाडी, बंब, पोलीस, क्रेन यायची असते. जुलै 2017 मध्ये म्युन्शबर्गजवळ बस जळून 18 जण गेले, तेव्हा मदतीला निघालेल्या गाड्यांना नीट वाट मिळाली नव्हती. त्याच वर्षी दंड वाढवून किमान 200 युरो केला. आता त्यासोबत महिनाभर गाडी चालवायला बंदीही येते. या वाटेतून मोटरसायकल दामटणाऱ्यालाही शिक्षा आहे.

शहरात लाल सिग्नलला मागून निळा दिवा आणि सायरन आला, तर आधी दोन्ही बाजू पाहायच्या, मग अगदी हळू रेषा ओलांडून कडेला थांबायचं. चौक पार करायचा नाही. आडव्या रस्त्याला हिरवा असतो, त्यांना तुम्ही दिसत नाही. कॅमेऱ्याचा फ्लॅश पडलाच तर वेळ, ठिकाण आणि शक्य असल्यास गेलेल्या गाडीचा नंबर थांबल्यावर लिहून ठेवा. नोटीस आल्यास खुलासा त्यावरच करता येतो.