तुम्ही विचारलंत म्हणून: कमी उंची आणि राणीहार

«माझी उंची कमी आहे. पैठणीवर राणीहार घालू, की ठुशीच बरी? लांबी नेमकी कशी ठरवायची?»

लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफाकडे हार मखमलीवर मांडलेला असतो आणि तिथे तो अंगावर कुठवर येईल याचा अंदाज येत नाही, म्हणून खरेदीला निघण्यापूर्वी घरीच, जो ब्लाउज घालणार तोच घालून, साध्या दोऱ्याने माप घ्यावे, असे मी सांगते. मानेच्या तळाचा घेर 14 इंच असेल, तर 15 इंचांचा चोकर, म्हणजेच आपली ठुशी किंवा चिंचपेटी, गळ्यालगत बसते. ऑपेरा लांबी 28 ते 36 इंचांची असते आणि बरेचसे राणीहार याच मापात येतात.

माझी भाची 4 फूट 11 इंच उंच आहे आणि तिला 36 इंचांचाच राणीहार हवा होता. हार गळ्यात घातला की त्याची निम्मी लांबी, म्हणजे 18 इंच, एका बाजूने उतरते; त्यांतले 5 ते 6 इंच मानेमागून पुढे येण्यातच जातात आणि पदक गळ्याच्या खळीपासून सुमारे 12 इंच खाली पोहोचते. उंच बाईच्या अंगावर ते कमरेच्या वर राहते, पण भाचीच्या अंगावर ते निऱ्या खोचतात तिथवर आले आणि ती पाटावर बसताच पोटावर दुमडले. 28 इंचांचा दोरा धरून पाहिला, तेव्हा तो खळीपासून साधारण साडेआठ इंचांवर, छातीच्या उभारीखाली थांबला. तीच लांबी आम्ही पक्की केली.

ठुशी आणि राणीहार यांच्या मधोमध तिला 20 इंचांची बोरमाळ घालायची होती. तिच्या पानगळ्याची कड खळीपासून साडेचार इंचांवर होती आणि बोरमाळही नेमकी तिथेच येत होती. हार गळ्याच्या कडेवरच संपणे मला सर्वांत खटकते, कारण मणी जरीच्या काठाला अडकतात, हार एका बाजूला सरकतो आणि हार व काठ दोन्ही धड दिसत नाहीत. हार कडेच्या किमान दोन बोटे वर थांबावा, नाहीतर स्पष्टपणे खाली उतरावा. बोरमाळ वगळल्यावर ठुशीखालची त्वचा मोकळी राहिली आणि दोन्ही दागिने वेगवेगळे उठून दिसले.

बंद गळ्यावर मात्र ठुशी कॉलरशी भांडते. तिथे लांब हार एकटाच पुरतो.

ठुशीला मागे गोंडा असल्यामुळे ती हवी तशी वर-खाली घेता येते. राणीहाराला ती सोय नसेल, तर मागे 2 इंचांची कड्यांची साखळी जोडून मागावी, म्हणजे दुसऱ्या ब्लाउजवर हार कडेपासून दूर नेता येतो.