मराठी-इंग्रजी जाहीर नोटीस जुळवताना माझं काय काय झालं (लिलावाची नोटीस होती)

मी एका वकिलांच्या ऑफिसात काम करते, बँकांच्या वसुलीची कामं येतात आमच्याकडे. तारण मालमत्तेचा लिलाव करायचा असला की सरफेसी कायद्याखालची विक्री नोटीस दोन पेपरात द्यावी लागते आणि त्यातला एक पेपर स्थानिक भाषेतला असावा लागतो, म्हणजे आमच्याकडे एक इंग्रजी आणि एक मराठी. इंग्रजी मजकूर बँकेकडून येतो, मराठी आम्ही करतो आणि दोन्ही जुळतात का हे बघायचं काम माझं. पहिल्यांदा दिलं तेव्हा मला वाटलं अर्ध्या तासाचं काम आहे. तीन दिवस गेले.

मालमत्ता एकच होती. बी विंगमधला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट ३०४, गट क्रमांक १४९/२, क्षेत्र ६२.४५ चौ. मी., राखीव किंमत ५९,४०,००० रुपये, इसारा रक्कम ५,९४,०००, लिलाव १४ ऑक्टोबरला, जाहिरात १२ सप्टेंबरला छापून यायची. ही तारीख का महत्त्वाची ते सांगते. सिक्युरिटी इंटरेस्ट एन्फोर्समेंट रूल्स २००२ प्रमाणे पहिल्या लिलावाला नोटीस छापल्यापासून ३० दिवस जावे लागतात. आमच्याकडे फक्त दोन दिवस जास्त होते. म्हणजे मराठीत काही मोठी चूक निघाली आणि नोटीस परत १६ तारखेला छापावी लागली तर लिलावाची तारीखच पुढे न्यावी लागणार, आणि कर्जदाराला डीआरटीत म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला आयता मुद्दा मिळणार की मराठी नोटीस धड नव्हती.

पहिल्या दिवशी मी काय केलं, तर इंग्रजी कागद डावीकडे, मराठी उजवीकडे आणि इंग्रजीचं एक वाक्य वाचायचं मग मराठीत ते शोधायचं. दोनदा वाचलं, सगळं बरोबर वाटलं. मॅडमकडे नेलं तर त्यांनी एका मिनिटात बोट ठेवलं. इंग्रजीत सिम्बॉलिक पझेशन होतं म्हणजे सांकेतिक ताबा, आणि मराठीत लिहिलेलं 'प्रत्यक्ष ताबा'. ही काही शब्दाची बारीक चूक नाही हो, सांकेतिक ताबा म्हणजे बँकेचा ताबा फक्त कागदावर, घरात अजून माणसं राहत असू शकतात, बोली लावणाऱ्याला चावी लगेच मिळेलच असं नाही. मराठी पेपर वाचून येणारा माणूस पैसे भरणार आणि जाऊन बघतो तर आत कुटुंब. हे झालं कसं, तर आमच्या टायपिस्टने मागच्या नोटिशीची फाइल उघडून त्यावरच नवीन मजकूर टाकला होता आणि ती मागची केस प्रत्यक्ष ताब्याची होती. मी दोनदा वाचून मला दिसलं नाही कारण माझ्या डोक्यात 'ताबा' एवढाच शब्द होता, तो दोन्हीकडे होता, झालं.

मॅडम म्हणाल्या, "तू जुळवत नाहीयेस, तू फक्त वाचतेयस. मराठीतून सुरू कर." म्हणजे मराठीचं वाक्य वाचायचं आणि त्याचा पुरावा इंग्रजीत शोधायचा. उलट्या दिशेने केल्यावर मराठीत जे जास्तीचं शिरलंय ते सापडतं, इंग्रजीतून गेलं की फक्त काय गळलंय तेवढंच कळतं. त्यामुळे दोन्ही दिशा लागतात. परत बसले तर मराठीत एक अख्खी ओळ निघाली जुन्या केसची, सोसायटीची थकबाकी किती आहे ती, जी या इंग्रजीत नव्हतीच. आणि इंग्रजीत येणे रकमेच्या पुढे 'अधिक पुढील व्याज व खर्च' असं होतं ते मराठीत गळालेलं.

मग चतु:सीमा. ही गंमत आमच्याकडे नेहमीच होत असणार असं मला आता वाटतं. बँकेच्या इंग्रजी नोटिशीत क्रम असतो पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण. आमच्या मराठी नमुन्यात जुन्या दस्तांसारखा क्रम आहे, पूर्वेस, दक्षिणेस, पश्चिमेस, उत्तरेस, गोल फिरत जाणारा. टायपिस्टने दिशांची नावं तशीच ठेवली आणि पुढचा मजकूर इंग्रजीच्या क्रमाने ओतत गेला. इंग्रजीत पूर्वेला जिना आणि लिफ्ट, पश्चिमेला मोकळी जागा, उत्तरेला फ्लॅट ३०३, दक्षिणेला रस्ता. मराठीत पूर्वेस जिना, दक्षिणेस मोकळी जागा, पश्चिमेस फ्लॅट ३०३, उत्तरेस रस्ता. चारातल्या तीन दिशा चुकल्या पण पहिली बरोबर, आणि पहिली बरोबर दिसली की माणूस पुढचं सोडून देतो. मी सोडलं होतं. शब्द सगळे तेच आहेत, एकही गळलेला नाही, त्यामुळे 'आहे का आहे' अशा नजरेने बघितलं तर पास होतं.

किमतीचं थोडं वेगळं. आकड्यात ५९,४०,००० दोन्हीकडे बरोबर होतं पण अक्षरी मराठीत 'एकोणसत्तर लाख चाळीस हजार' लिहिलेलं. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांच्यात टायपिस्टचाच काय भल्याभल्यांचा घोळ होतो, आणि इंग्रजीत फिफ्टी नाइन आहे म्हणून तिकडे हा प्रश्न येतच नाही. इथे मला एक आधार सापडला तो म्हणजे बेरीज-गुणाकार. या नोटिशीत इसारा रक्कम राखीव किमतीच्या १० टक्के होती, ५,९४,००० चं दहापट ५९,४०,०००, म्हणजे आकडा खरा आणि अक्षर खोटं. क्षेत्राचंही तसंच, ६२.४५ चौ. मी. ला १०.७६४ ने गुणलं की ६७२ चौ. फुटांच्या आसपास यायला हवं आणि ते इंग्रजीत होतं, मराठीत मात्र ६७२ च्या पुढे 'चौ. मी.' पडलं होतं. मग सवयच लागली, नोटिशीतले जे जे आकडे एकमेकांवर अवलंबून आहेत ते करून बघायचे.

गावाच्या नावावरून मात्र हसू आलं. इंग्रजीत बुद्रुकचा शॉर्टफॉर्म म्हणून बी आणि के अशी दोन अक्षरं टाकतात ना, त्याचं मराठीत 'बी.के.' झालं होतं, जणू काही गावाची आद्याक्षरं. शेजारी त्याच नावाचं खुर्द गाव असेल तर हा विनोद राहत नाही म्हणा. आडनावांचं पण तेच, इंग्रजीवरून मराठी करायला गेलं की काळे की काले, राणे की राने हे कळायला मार्ग नाही. ती मी इंग्रजी नोटिशीवरून घेणं बंदच केलं, गहाणखत आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा, काढून त्यातलं मराठी नाव उचललं. ते काढलं म्हणून हेही बघता आलं की इंग्रजी नोटीसच मुळात बरोबर आहे का, कारण दोन्हीकडे एकच चूक असली तर जुळवणाऱ्याला ती कधीच सापडणार नाही.

आता माझी स्वतःची चूक. आमच्या टायपिस्टने गट क्रमांक १४४/२ टाकला होता, मी प्रिंटवर लाल पेनने खोडून त्यावर १४९ लिहिलं आणि घाईत त्यातला नऊ इंग्रजी आकड्यात लिहिला. बाकीच्या दुरुस्त्यांबरोबर तो प्रिंट जाहिरात सेट करणाऱ्या काकांकडे गेला. हाताने लिहिलेला इंग्रजी नऊ आणि मराठी एक शेजारी ठेवून बघा, सारखेच दिसतात. तसाच मराठी चार हा इंग्रजी आठ वाटू शकतो. माझा मधला चार मराठी, शेवटचा नऊ इंग्रजी, मजकूर मराठी, मग काकांनी तो एक वाचला यात त्यांचा काय दोष. प्रूफ आलं त्यात १४१/२.

आणि प्रूफ आलं ११ तारखेला संध्याकाळी. वर्ड फाइलमध्ये सगळं जुळवून झालं होतं म्हणून मी जवळजवळ ओके कळवणार होते. पण पेपरसाठी मजकूर त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये परत सेट होतो, युनिकोडमधून तिकडे जाताना रफार इकडचा तिकडे जातो, आणि मध्ये आलेली इंग्रजी अक्षरं भलत्याच मराठी चिन्हात बदलतात. आमच्या प्रूफमध्ये बँकेच्या वेबसाइटचा पत्ता असाच काहीतरी अगम्य झाला होता, तो लगेच दिसला. पण असल्या फाइलमधला मजकूर कॉपी करून आपल्या फाइलशी कम्पेअर करता येत नाही, डोळ्यांनीच बघावं लागतं. म्हणजे वर्डवर जे जुळवलं ते प्रूफवर पहिल्यापासून परत.

मी ऑफिसातल्या सुनीलदादाला बसवलं, त्याने ही केस कधी पाहिलीच नव्हती. तो प्रूफमधलं मराठी मोठ्याने वाचणार, आकडे एकेक करून, 'एकशे एकेचाळीस' असं नाही तर 'एक, चार, एक', आणि मी इंडेक्स टू हातात धरून बघणार. मी वाचलं असतं तर मी नऊच वाचला असता, कारण मला माहीतच होतं तिथे काय आहे. तो "एक चार एक भागिले दोन" म्हणाला आणि मी म्हटलं थांब. तो म्हणाला एकच आहे गं. मला आधी त्याचाच राग आला, मग प्रूफ बघितलं, मग माझा तो लाल पेनाचा प्रिंट बघितला.

काकांना फोन केला, ते म्हणाले, "ताई, तुम्ही एकच लिहिलाय." फोटो पाठवला त्यांनी. खरंच एक दिसत होता.

रात्री दुरुस्त प्रूफ आलं, तेही पूर्ण वाचलं, नुसती बदललेली जागा नाही, कारण जागा बसवायला त्यांनी ओळी आवळल्या होत्या आणि त्यात ताब्याच्या आधीचा 'सांकेतिक' नुसता दुसऱ्या ओळीवर गेला की पार गळालाच हे बघायचं होतं. होता तो. सकाळी दोन्ही पेपर आणले, कात्रणं फाइलला लावायच्या आधी गट नंबर पुन्हा बघितला.

त्यानंतर पेनने दुरुस्ती करताना मी मराठी आकडा लिहून पुढे अक्षरी पण लिहिते, 'एक चार नऊ'. तरी परवा काकांचा फोन आला होता, "ताई, ते नऊ लिहिलंय ते नऊच ना?"