दोन मिनिटांचं स्वागत

शाळेच्या दीपोत्सवात हस्तकलेचं प्रदर्शन, त्यात सगळी सजावट टाकाऊपासून केलेली, आणि उद्घाटनाला स्वागतपर चार शब्द बोलायचे माझ्याकडे. मुख्याध्यापिकाबाई फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "काकू, दोनच मिनिटं हं."

दोन मिनिटं म्हणजे सावकाश बोलणाऱ्या माणसाचे दोनशे-सव्वादोनशे शब्द. त्यातले निम्मे व्यासपीठावरच्या मंडळींची नावं आणि पदंच खाऊन टाकतात. बरं, नावं गाळायचीही सोय नाही. इंदूरच्या मराठी मंडळींत एखाद्या 'आदरणीय'चं नाव राहिलं, तर तो विषय संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत पुरतो. उरलेल्या शंभर शब्दांत बहुतेक वक्ते पर्यावरण, भावी पिढी आणि आपलं शहर यांची मोळी बांधून मोकळे होतात. आपलं शहर २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं येतंय, हे इथल्या पोराटोरांना माझ्याआधीपासून पाठ आहे. ते पुन्हा सांगून काय साधणार? म्हणून म्हटलं, आदल्या दिवशी जाऊन वस्तूच बघू या, काही सुचलं तर त्यातूनच सुचेल.

टेबलं मांडून झाली होती. थर्माकोलचं मखर एकही नव्हतं. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे आणि शाळेने ती पाळली होती. त्याच्या जागी आइस्क्रीमच्या काड्यांची देवळं होती. काड्या इतक्या पांढऱ्या, इतक्या सारख्या, की आइस्क्रीमचा थेंबही त्यांना कधी लागला नसावा. विचारल्यावर एका मुलाने खरं सांगून टाकलं, "पाकीट आणलं ना आजी, रविवारी, राजवाड्यावरून." पलीकडे प्लॅस्टिकच्या कोऱ्या चमच्यांचं कमळ होतं. टाकाऊपासून टिकाऊ करायला आधी टाकाऊच विकत आणायचं, हा उद्योग आपल्या शाळांमध्ये वर्षानुवर्षं सुखेनैव चालू आहे, आणि त्यात मुलांपेक्षा आयांचा हात मोठा. रात्री दहाला 'उद्या प्रोजेक्ट न्यायचंय' असं कळल्यावर आई तरी काय करणार, म्हणा.

कोपऱ्यात सातवीतली एक मुलगी रडवेली होऊन बसली होती. तिने लग्नपत्रिकांचा आकाशकंदील केला होता आणि तो तिच्या डोळ्यांदेखत उलगडत होता. "आजी, चिपकतच नाहीये," ती आमच्या खास इंदुरी मराठीत म्हणाली. कल्पना तिची फार सुरेख होती. घरातल्या जुन्या पत्रिका, त्यांना खिडक्या कापलेल्या, खिडक्यांना मागून संक्रांतीच्या फाटक्या पतंगांचा कागद, आणि चिकटवायला आजीने करून दिलेली खळ. खळही रीतसर केलेली: मैदा पाण्यात गुठळी न होऊ देता कालवायचा आणि दुधी रंग जाऊन पारदर्शक चमक येईपर्यंत मंद आचेवर ढवळायचा. पतंगाचा कागद खळीने काही ठिकाणी घट्ट धरला होता. दोन पत्रिका जिथे एकमेकींवर बसवल्या होत्या, तिथे मात्र वाळलेली खळ पापुद्र्यासारखी सुटून येत होती.

मी एक पत्रिका घेतली आणि कोपरा हळूच फाडला. कागद फाटला, पण कडेला काचेसारखी पातळ पापडी ताणली जाऊन लोंबत राहिली. साध्या कागदाची फाटलेली कड मऊ, तंतूतंतूंची दिसते. अशी ताणली जाणारी पापडी दिसली, की समजावं, कागदावर प्लॅस्टिक चढवलंय. खळ कागदाच्या तंतूंत मुरते म्हणून धरते. प्लॅस्टिकमध्ये मुरायला जागाच नाही, मग ती वरच्या वर वाळते आणि सुटते. खळ जिथे बसत नाही, तो कागद रद्दीत गेल्यावरही त्रास देणार, कारण लगदा करताना पाण्यात कागदाचे तंतू सुटे होतात आणि ती पापडी तशीच राहते. सोनेरी छपाईच्या, मखमली नक्षीच्या पत्रिकांचंही थोड्याफार फरकाने हेच. थोडक्यात, ज्या पत्रिकेवर सासरच्यांनी जास्त खर्च केला, ती रद्दीवाल्याच्या लेखी कमी किमतीची.

इलाज सोपा होता. बहुतेक पत्रिकांना ही चमक एकाच बाजूने असते. म्हणून पतंगाचा कागद आतल्या, खरखरीत बाजूला लावायचा आणि पत्रिका पत्रिकेला चिकटवायच्या भानगडीत न पडता दाभणाने भोकं पाडून दोऱ्याने शिवायच्या. शेजारच्या शिक्षिका गरम गोंदाची पिस्तूल घेऊन धावून आल्या होत्या. त्या गोंदाने कंदील दोन मिनिटांत उभा राहिला असता, हे खरं, पण तो पुन्हा सुटा करता आला नसता. शिवलेला कंदील दोरा ओढला की मोकळा. दिवा आत एलईडीचा, पाच वॅटचा, कागदापासून चांगला वीतभर दूर, आणि वरखाली हवा जायला तोंडं उघडी. एलईडीचंही बूड तापतं, हे तिला हात लावून दाखवलं.

तिचा कंदील शिवता शिवता भाषण सुचलं. बाईंना म्हटलं, प्रत्येक वस्तूपुढे नाव-इयत्तेच्या पाटीखाली तीन ओळी लिहू द्या: आधी काय होतं, विकत काय आणलं, नंतर कुठे जाणार. बाई जरा बिचकल्या, पालकांना वाईट वाटेल म्हणून. पण मुलांनी तासाभरात पाट्या लिहून टाकल्या. काड्यांच्या देवळापुढे "विकत: सगळंच" असं लिहिलेलं होतं. मला त्या पोराचं फार कौतुक वाटलं.

उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांची नावं एका दमात म्हटली आणि पुढे एवढंच बोलले:

"मंडळी, तुमचं स्वागत आहेच. पण आज मी तुमच्याआधी इथे आलेल्या मंडळींचं स्वागत करते. हे तोरण आधी एका आजीच्या महेश्वरी साडीचा काठ होतं, आणखी दहा दिवाळ्या ते सहज काढेल. ही माळ आधी सांचीच्या दुधाच्या पिशव्या होती. पिशव्या साबणाने धुऊन वाळवल्या म्हणून आज तिला वास नाही, आणि तिला रंग फासला नाही म्हणून उद्या ती प्लॅस्टिकच्या डब्यात जाऊ शकेल. हा कंदील म्हणजे कुणाकुणाची लग्नं आहेत. प्रत्येक वस्तूपुढची पाटी वाचा. 'नंतर कुठे' ही ओळ रिकामी दिसली, तर मुलांना विचारा. आपल्याकडे कचरा सहा भागांत जातो, त्यातला कुठला, ते त्यांनाच ठरवू द्या."

टाळ्या पडल्या. लगेच मला आणि प्रमुख पाहुण्यांना एकेक पुष्पगुच्छ देण्यात आला, चकचकीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, वर चंदेरी फीत. पहिल्या रांगेतून कुणीतरी "पाटी कुठंय, भिया?" असं ओरडलं आणि हशा झाला. पाहुणे दिलदार निघाले, तेही हसले.

दोन दिवसांनी आवराआवर झाली तेव्हा सगळ्यात जास्त वेळ घेतला चमकीने. एक मोठा पुठ्ठ्याचा मोर होता, त्यावर चमकीची पूड, गरम गोंद, टिकल्या आणि आरशाचे तुकडे. पुठ्ठा सुक्यात जातो, पण या मोरापासून पुठ्ठा वेगळा निघेना. चमकीची पूड म्हणजेही बारीक चिरलेलं प्लॅस्टिकच, ती झाडून निघत नाही, टेबलाच्या फटींतून दिसत राहते. मोर शेवटी शाळेच्या माळ्यावर ठेवला. बाई म्हणतात, पुढच्या वर्षी रंगमंचाच्या मागे लावू. चमच्यांचं कमळ कुणीतरी घरी नेलं. साडीच्या काठाचं तोरण मुख्याध्यापिकाबाईंच्या दारावर गेलं, आणि कंदिलासाठी त्या मुलीने आईकडून आणखी चार पत्रिका मागून घेतल्या, कोपरा फाडून पाहून.