आमची वाटचाल : काटा दुरुस्तीवाल्यांचं छोटं मासिक

आमची फर्म वजनकाटे दुरुस्त करते, कॅलिब्रेशनही करते. या धंद्यात कंपनीचे कॅटलॉग भरपूर मिळतात, पण कारागिरांनी कारागिरांसाठी लिहिलेलं काही नाही, जो तो आपल्या वहीत नोंदी ठेवतो आणि माणूस रिटायर झाला की वही पण गेली. म्हणून आम्ही मासिक काढायचं ठरवलं.

बातम्या, मुलाखती, नवीन मॉडेल असं सगळं टाकावं असं आधी वाटत होतं, पण मित्रांशी बोलल्यावर कळलं की त्यांना यातलं काहीच नको, त्यांना बिघाड हवाय. मग ठरलं, एका अंकात एकच बिघाड, पण मुळापर्यंत.

पहिल्या अंकाचा विषय सांगतो. ३०० किलोचा प्लॅटफॉर्म काटा, कोपऱ्यांखाली भार मोजणारे चार लोडसेल, १०० ग्रॅमचा भाग म्हणजे रीडिंग १०० ग्रॅमच्या टप्प्याने बदलतं. वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे ओआयएमएलच्या, आर ७६ या शिफारशीप्रमाणे अशा काट्याचा कोपरा तपासताना कमाल क्षमतेच्या साधारण एक तृतीयांश वजन ठेवतात, म्हणजे इथे १०० किलो. तीन कोपऱ्यांवर बरोबर १००.०, चौथ्यावर ९९.२. बरेच जण लगेच चारही सेलच्या वायरी जिथे जोडतात तो जंक्शन बॉक्स उघडून त्या कोपऱ्याचं रीडिंग कमीजास्त करणारा ट्रिम पॉट फिरवतात किंवा सरळ सेलच बदलतात. आमच्या मित्राने त्याच कोपऱ्यावर आधी २० किलो ठेवून बघितले, तर रीडिंग २०.० आलं! सेलचा आउटपुटच कमी असता तर तिथेही त्याच प्रमाणात कमी दिसून १९.८ आलं असतं. म्हणजे जड वजनाला प्लॅटफॉर्म थोडा खाली वाकतो तेव्हाच कुठेतरी टेकतोय आणि तेवढा भार सेलवर न जाता फ्रेमवर जातोय. प्लॅटफॉर्म उचलला तर फटीत घट्ट बसलेला कचरा निघाला, तो साफ केला आणि कोपरा १००.० वर आला. ट्रिम पॉट फिरवून १०० किलोला जुळवलं असतं तर २० किलोला जास्त दाखवलं असतं.

हा मजकूर त्याने लिहिलेला नाही, आमच्यातले बहुतेक जण लिहायला बसतच नाहीत, आम्हीच फोनवर विचारून उतरवून घेतो. ठरलेले प्रश्न असतात: तक्रार काय होती, आधी काय मोजलं, कशावरून कारण कळलं, दुरुस्तीनंतर रीडिंग काय. "कार्ड बदललं, चालू झालं" एवढंच असेल तर छापत नाही, कारण का बिघडलं ते त्यात कळतच नाही. आणि दुसऱ्या कारागिराने वाचून हो म्हटल्याशिवाय पान पुढे जात नाही, यात तडजोड नाही.

छापील अंक ए-फाइव्ह, १६ पानी, मध्ये पिन मारलेला, म्हणून पानं नेहमी चारच्या पटीत ठेवावी लागतात. मोबाइलसाठी वेगळी एक कॉलमची पीडीएफ, कारण माणूस काट्याशेजारी उभा राहून वाचतो. सूची कंपनीच्या नावाने न करता लक्षणावरून केलीय: झिरो सरकतो, कोपरा कमी, रीडिंग थांबत नाही.

सुट्या भागांच्या जाहिराती घेतो पण त्या फक्त मागच्या कव्हरवर, बिघाडाच्या पानाला लागून एकही नाही. पुढचा अंक लोडसेलमध्ये ओल गेल्यावर झिरो कसा भटकतो यावर आहे, त्यासाठी फोन चालू आहेत.