चुकीच्या बिलाचं माफीपत्र पुन्हा लिहिताना

एप्रिल म्हणजे नागपुरात एसीवाल्यांचा सीझन. आमच्या बर्डीच्या ऑफिसात तेव्हा बिलं धडाधड निघतात आणि हिशोब माझ्याकडे असल्याने निस्तरायचंही बरंच येतं. यंदा एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयातल्या आणि शाखांमधल्या २४ एसींची सर्व्हिसिंग झाली. दर एसीमागे १,५०० रुपये, वर १८% जीएसटी. बिलिंगला बसणाऱ्या पोराच्या हातून २४ चे ४२ झाले. ४२,४८० रुपयांच्या जागी ७४,३४० चं बिल गेलं, तेही सही-शिक्क्यासकट.

त्याने माफीचा मेलही स्वतःच लिहून पाठवून टाकला होता: ‘तांत्रिक कारणामुळे झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनःपूर्वक दिलगीर आहोत. आधीच्या बिलाकडे दुर्लक्ष करावे. सुधारित बिल सोबत जोडले आहे. आपले सहकार्य असेच राहो.’ वाचायला गोड. पण तासाभरात पतसंस्थेच्या लेखापालांचा फोन आला, "मॅडम, दोन बिलं दिसून राहिली आम्हाले, दोन्हीवर नंबर ३१ च. कोणतं पकडू?"

त्यांचा प्रश्न बरोबरच होता. पहिल्या बिलावर त्यांच्याकडे आवक क्रमांक पडला होता आणि ते मासिक सभेच्या मंजुरीच्या यादीतही चढलं होतं. यादीतली रक्कम बदलायची तर फाइलला लावायला कागद लागतो. ‘दुर्लक्ष करावे’ या कागदावर कोण सही करणार? शिवाय मेलमध्ये एकही आकडा नव्हता. कोणत्या बिलाबद्दल बोलणं चाललंय हे जोडलेली फाइल उघडल्याशिवाय कळत नव्हतं, आणि उघडली की नंबर तोच.

म्हणून पत्राआधी बिल नीट केलं. जीएसटीत बिलाचा नंबर एका आर्थिक वर्षात एकदाच वापरता येतो. तेव्हा ३१ नंबर रद्द केला आणि पुढचा मोकळा नंबर, ३४, नव्या बिलाला दिला. ३१ वर नवीन आकडा चढवायचा नाही आणि तो सिस्टीममधून पुसायचाही नाही. एप्रिलचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, भरायचं बाकी होतं आणि पतसंस्थेने पैसे दिले नव्हते, म्हणून थेट रद्द करणं जमलं. रिटर्नमध्ये ते बिल गेलं असतं, तर जादा रकमेची क्रेडिट नोट काढावी लागली असती आणि पत्रात नवीन बिलाऐवजी तिचा नंबर आला असता. ई-इनव्हॉइस लागू असलेल्यांना तर पोर्टलवर रद्द करायला २४ तासच मिळतात. आमची उलाढाल तेवढी नाही, म्हणून ती भानगड नव्हती.

मग पत्र लिहायला घेतलं. माझ्या पहिल्या खर्ड्यात सीझनची गर्दी, नवीन मुलगा, असा सगळा पाल्हाळ आला. लेखापालांना त्याचं काय करायचं? खोडला. ‘तांत्रिक कारण’ही काढलं. कारण संगणकाचं नव्हतं, नगसंख्या उलटी पडली होती, आणि तेच सांगितलं की समोरचा स्वतः गुणाकार करून पाहू शकतो. माफी एका वाक्यात ठेवली. शेवटी हे गेलं:

‘विषय: बिल क्र. ३१ रद्द, त्याऐवजी बिल क्र. ३४, रु. ४२,४८०/-

महोदय,
दि. २२ एप्रिलच्या आमच्या बिल क्र. ३१ मध्ये एसींची संख्या २४ ऐवजी ४२ लिहिली गेल्याने रक्कम रु. ७४,३४०/- अशी चुकीची आली. ही चूक आमची आहे, त्याबद्दल क्षमस्व.
बिल क्र. ३१ आम्ही रद्द केले असून त्यापोटी आपल्याकडून काहीही येणे नाही.
योग्य रक्कम: २४ × १,५०० = रु. ३६,०००/-, अधिक जीएसटी १८% रु. ६,४८०/-, एकूण रु. ४२,४८०/- (अक्षरी रुपये बेचाळीस हजार चारशे ऐंशी फक्त).
याचे बिल क्र. ३४, दि. २७ एप्रिल, सोबत जोडले आहे. बिल क्र. ३१ च्या नावाने याआधी मेलवर आलेली सुधारित प्रतही रद्द समजावी. कृपया बिल क्र. ३४ वरच रक्कम अदा करावी व हे पत्र मिळाल्याचे कळवावे.’

अक्षरी रक्कम मुद्दाम घातली. आकडे उलटे पडून एकदा घोळ झालाच होता. शब्द असे उलटे पडत नाहीत. पोराने पाठवलेल्या दुसऱ्या प्रतीचा उल्लेख मात्र पहिल्यांदा माझ्याही लक्षात आला नव्हता. तो राहून गेला असता तर ४२,४८० ची दोन बिलं त्यांच्याकडे जिवंत राहिली असती, एक ३१ नंबरचं आणि एक ३४ चं.

पत्र लेटरहेडवर छापून, नव्या बिलासोबत हाती पोचवलं आणि आमच्या प्रतीवर पतसंस्थेचा आवक शिक्का घेतला. लेखापालांनी यादीत ३१ कापून ३४ चढवलं. ती शिक्क्याची प्रत मी ३१ नंबरच्या बिलाला टाचून ठेवली. जीएसटीआर-१ च्या तक्ता १३ मध्ये रद्द बिलांच्या रकान्यात एप्रिलसाठी १ लिहिताना तीच समोर होती.